पहिली मुलाखत फसते तेव्हा वहीत काय लिहावं

‘आजी फारशा बोलक्या नाहीत. विचारलं तेवढंच सांगतात. पुढच्या वेळी जास्त बोलणारं कोणीतरी शोधायला हवं.’

समाजशास्त्राच्या एम.ए.ला असलेल्या एका विद्यार्थिनीनं आयुष्यातली पहिली मुलाखत घेतली, त्या रात्री तिनं नोंदवहीत हे लिहिलं. दोन दिवसांनी रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर त्याच पानाच्या खाली वेगळ्या शाईत आणखी एक नोंद आली. ‘आजी बोलत होत्या. मीच बोलू दिलं नाही. जवळजवळ अर्धा वेळ माझाच आवाज आहे.’

संशोधनपद्धती शिकवताना मी मुलांना अशी वही ठेवायला लावते. या मुलीच्या परवानगीनं तिच्या वहीतली काही पानं इथं उलगडून दाखवते आहे. तिची आणि आजींची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत. मुलाखत फसणं यात नवल काही नाही, पहिली बहुतेकांची फसते. मला महत्त्वाचं वाटतं ते या दोन नोंदींमधलं अंतर. रात्रीच्या नोंदीत दोष आजींच्या स्वभावाचा आहे, दोन दिवसांनंतरच्या नोंदीत तो प्रश्नांवर आला आहे. स्वभाव काही आपल्याला बदलता येत नाही, प्रश्न मात्र बदलता येतो.

विषय असा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. कामगारांबद्दल, पुढाऱ्यांबद्दल, गिरण्यांच्या जमिनींबद्दल बरंच लिहून झालं आहे. या मुलीला शोध घ्यायचा होता खाणावळवाल्या बायकांचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण दाटीवाटीनं राहायचे आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे जेवायचे. महिन्याचा हिशेब वहीत, पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचं रेशन ती बाई स्वतःच्या हिमतीवर उभं करायची. सावकाराच्या व्याजातून या बायकांना सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांची कर्जं त्यांच्यापर्यंत आणली, हे अनेकांना माहीत असेल. पण पगारच थांबले तेव्हा चाळीतल्या एकट्या खाणावळवालीनं काय केलं? या मुलीचा प्रश्न तो होता.

मुख्य कामाला लागण्याआधी एक-दोन चाचणी मुलाखती घ्यायच्या असा रिवाज आहे. चाचणीत माहिती मिळाली तर उत्तम, पण खरी परीक्षा असते प्रश्नावलीची: कोणता प्रश्न समजत नाही, कोणता फार लवकर येतो, आवाज नीट टिपला जातो का. त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, वहीत लिहायचं. नंतर रेकॉर्डिंग ऐकून त्याखाली पुन्हा लिहायचं. लिंकन आणि गुबा या अमेरिकन अभ्यासकांनी १९८५ सालच्या त्यांच्या ग्रंथात संशोधकानं अशी वही ठेवावी असं सांगितलं, आणि तेव्हापासून गुणात्मक संशोधनात तिला मान मिळाला. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याची खाजगी डायरी त्याच्या मृत्यूनंतर, १९६७ साली छापली गेली. तिच्यात तिथल्या लोकांबद्दलचा त्याचा त्रागा पानोपानी दिसला आणि मोठी खळबळ उडाली. वही मनातली भडास काढायला वापरली की काय होतं, याचं ते उदाहरण. आपली वही कामाची असावी. म्हणून मी एकच अट घालते: जी चूक लिहाल तिच्यासमोर रेकॉर्डिंगमधली जागा लिहा आणि त्या जागी पुढच्या वेळी नेमकं काय म्हणाल ते वाक्य लिहा. ‘मी खूप घाबरले होते’ असं चार पानं लिहिल्यानं पुढची मुलाखत सुधारत नाही.

आता मुलाखतीकडे वळू. जागा लालबागमधल्या चाळीतली खोली, वेळ रविवार सकाळची. ही वेळ मुलीच्या सोयीची होती. घरात मुलगा होता, सून होती, नातवंडं होती, टीव्ही चालू होता आणि गॅसवर कुकर. फोन ठेवला होता टेबलफॅनच्या शेजारी. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत पंख्याची घरघर आहे आणि कुकरच्या शिट्ट्या आहेत. हे सगळं वहीत दोन ओळींत आटोपलं आहे आणि तेवढंच पुरे. पुढच्या वेळी दुपारी जायचं, फोन रुमालावर आजींच्या जवळ ठेवायचा आणि आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून घ्यायचं.

खरा घोळ झाला सुरुवातीलाच. मुलीनं पिशवीतून संमतिपत्र काढलं. त्यात ‘सदर संशोधन प्रकल्पात स्वेच्छेने सहभागी होत असून’ अशा थाटाची वाक्यं, खाली सहीची रेघ. आजींनी कागद मुलाकडे दिला. मुलानं विचारलं, ‘हे रूमसंबंधी आहे का?’ लालबाग-परळच्या माणसाला सही म्हटलं की काय आठवतं, हे त्या भागाची हवा माहीत असलेल्याला सांगायला नको. पुनर्विकासाची संमती, बिल्डरची कागदपत्रं, गिरणी कामगारांच्या घरांसाठीचे म्हाडाचे अर्ज. मुलगी म्हणाली, ‘नाही नाही, हे माझ्या कॉलेजचं आहे.’ सही झाली. पण पुढची दहा मिनिटं आजी जी उत्तरं देतात ती एखाद्या खिडकीपुढे उभं राहून दिल्यासारखी आहेत. यजमान कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती वर्षं सर्व्हिस, कागदपत्रं कुठं ठेवलीत. खाणावळीचं नाव नाही. मुलीला वाटलं आजी विषय सोडून भरकटताहेत. आजी भरकटलेल्या नव्हत्या. समोरचा माणूस अर्ज भरून घ्यायला आला आहे असं समजून त्या अगदी मुद्द्याला धरून बोलत होत्या.

इथं दुरुस्ती नुसत्या कागदाची करून भागत नाही. संमती तर घ्यायलाच हवी, ती टाळायची नाही. पण ती पहिल्याच भेटीत, बसल्या बसल्या कागद पुढे करून घ्यायला नको. वहीत तिनं नवी सुरुवात लिहिली: ‘आजी, मी कॉलेजात शिकते. खाणावळी चालवणाऱ्या बायकांबद्दल मला लिहायचंय. याचा घराशी, म्हाडाशी काही संबंध नाही. यातून तुम्हाला काही मिळणार नाही आणि तुमचं काही जाणारही नाही. तुमचं नाव मी लिहिणार नाही. एखादी गोष्ट सांगायची नसली तर सांगू नका, मध्येच थांबवलंत तरी चालेल.’ हे सगळं तोंडी बोलायचं, आजींचा होकार रेकॉर्ड करून घ्यायचा आणि घरात जो कागदपत्रं बघतो त्यालाही तेच सांगायचं. ‘यातून तुम्हाला काही मिळणार नाही’ हे वाक्य म्हणायला नवख्यांना फार जड जातं. तरीही ते म्हणावंच लागतं, कारण आशा लागली की उत्तरं त्या आशेच्या दिशेनं वळतात.

यानंतर मुलीनं जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं एकेका शब्दात आली. खाणावळ कधी सुरू केली, किती मेंबर होते, महिन्याला किती घ्यायच्या. प्रश्न चुकीचे नाहीत, पण एका मागोमाग असे आठ प्रश्न विचारले की समोरच्याला सवय लागते: ही विचारणार, आपण आकडा सांगायचा. मग नवव्याला ‘त्या काळाबद्दल सविस्तर सांगा’ म्हटलं तरी उत्तर ‘काय सांगू पोरी, बरं होतं’ एवढंच येतं. अमेरिकन अभ्यासक जेम्स स्प्रॅडली यानं १९७९ साली मुलाखतीवर जे पुस्तक लिहिलं त्यात सुरुवातीला एखाद्या नेहमीच्या दिवसाची फेरी मारून आणणारा प्रश्न सुचवला आहे. त्याप्रमाणे नव्या यादीत पहिला प्रश्न असा आला: ‘पहिल्या पाळीचे मेंबर असायचे तेव्हा तुम्ही उठायच्या कधी, आणि मग रात्री दिवा मालवेपर्यंत काय काय चालायचं?’ आकडे शेवटाला गेले. गंमत म्हणजे दिवस सांगताना आकडे आपोआप येतात. किती शेर पीठ मळलं हे सांगितलं की मेंबर किती होते ते कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलेला तो असा:

विद्यार्थिनी : मग मेंबर गावाला निघून गेले तेव्हा तुमचे खूप हाल झाले असतील ना? उधारी बुडली असेल?

आजी : झाले की. सगळ्यांचेच झाले. उधारी... वही होती माझ्याकडं. ती वही मग मी...

विद्यार्थिनी : आणि त्या वेळी युनियनची काही मदत झाली का, की तुम्हीच सगळं सांभाळलंत?

आजी : नाय. आम्हीच.

पाच ओळीही नाहीत, पण नवख्याच्या हातून होणाऱ्या तीन गोष्टी यात एकत्र सापडतात. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलं आहे. ‘हाल झाले असतील ना’ असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? आपल्याकडे तर घरी आलेल्या पाहुणीला खोडून काढणंही बरं दिसत नाही. तिसऱ्या ओळीत एकाच दमात दोन प्रश्न आहेत, त्यामुळे ‘नाय’ हे कशाचं उत्तर ते सांगता येत नाही. आणि या दोन्हींपेक्षा मोठं नुकसान मधल्या तीन टिंबांत झालं. आजी थांबल्या. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता जेमतेम दोन सेकंदांची आहे. रात्रीच्या नोंदीत मुलीनं लिहिलं होतं, ‘आजी मध्येच खूप वेळ गप्प झाल्या म्हणून मी पुढचा प्रश्न घेतला.’ तिच्या मनात ते दोन सेकंद खूप वेळ झाले होते. ही फट रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय कधीच दिसली नसती, म्हणून मी दुसऱ्या नोंदीचा आग्रह धरते.

दुरुस्ती सोपी आहे, अमलात आणायला मात्र अवघड. माणूस वाक्य अर्धं सोडून थांबला की मनात सावकाश पाच मोजायचे. तरी काही नाही आलं तर नवा प्रश्न न काढता त्याचेच शेवटचे शब्द हलकेच परत द्यायचे: ‘ती वही...?’ बस. याचीही एक मर्यादा आहे. काही मुलं शांततेचं हे तंत्र शिकतात आणि पुढ्यात नुसती मख्ख बसून राहतात, समोरची बाई संकोचून जाते. आठवणीत गढलेल्या माणसाची नजर कुठंतरी लांब लागलेली असते, पण ज्याला बोलायचं नाही तो उठून चहाचं बघतो, नातवाला हाक मारतो, पदर सारखा करतो. अशा वेळी वाट बघणं म्हणजे जुलूम. तिथं विषय बदलावा, हवं तर रेकॉर्डिंग बंद करावं.

मुलगी महिनाभरानं त्याच आजींकडे पुन्हा गेली. या वेळी दुपारी. मुलाशी आधीच वेगळं बोलून घेतलं होतं, त्यामुळे तो मध्ये मध्ये उत्तरं द्यायला बसला नाही. तिनं वहीचं विचारलं. आजींनी ती उधारीची वही संपाच्या पहिल्याच पावसाळ्यात गावाला निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर पाठवली होती. मेंबर बहुतेक त्यांच्याच पंचक्रोशीतले. त्यानं घरोघर जाऊन नावं वाचून दाखवली. रोख जवळजवळ आली नाहीच. सुगीनंतर तांदूळ आला, थोडे कुळीथ आले, आणि वही परत आली तेव्हा काही नावांवर काट मारलेली होती. त्या तांदळावर चाळीत उरलेल्या मेंबरांचं जेवण काही महिने चाललं.

एका बाईची ही एक हकीकत आहे, तिच्यावरून सगळ्या गिरणगावाबद्दल बोलता येणार नाही. पण प्रश्नावली तिनं बदलली. आधीच्या यादीत सगळे प्रश्न मुंबईतले होते: युनियन, मोर्चे, रेशन, सावकार. नव्या यादीत एक प्रश्न आला, ‘त्या दिवसांत गावाहून काय यायचं?’ संपाचा निम्मा हिशेब कदाचित गावाकडे फिटला असेल, ही शंकाही चाचणीपूर्वी तिच्या मनात नव्हती.

आणखी एका पानावर थोडं थांबते, कारण ही चूक शिकलेल्या माणसांकडूनच जास्त होते. आजी म्हणाल्या, ‘इंदिराबाई गेल्या ना, त्याच साली झाला संप.’ मुलीनं लगेच दुरुस्त केलं, ‘नाही आजी, संप ब्याऐंशीचा. इंदिरा गांधी चौऱ्याऐंशीला गेल्या.’ आजी हसल्या. ‘तुलाच ठाऊक असेल बाई, तू शिकलेली.’ त्यानंतर एकही साल त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही. प्रत्येक वेळी ‘तूच बघ कागदात’.

मुलीचं म्हणणं तारखेच्या दृष्टीनं अचूक होतं. पण ती तारीख तिला कुठल्याही ग्रंथालयात मिळाली असती, त्यासाठी लालबागची माडी चढायची गरज नव्हती. इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचा या बाबतीतला दाखला प्रसिद्ध आहे. तेर्नी या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे पोर्तेल्लींनी गावातल्या कामगारांना विचारलं, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ साली, कारखान्यातल्या मोठ्या कपातीच्या वेळी झालेल्या चकमकींमध्ये नेऊन ठेवला होता. विसरभोळेपणा म्हणून पोर्तेल्लींनी ते झटकून टाकलं नाही. आपला माणूस निदर्शनात मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही हे सहन होणारं नव्हतं, म्हणून गावानं त्याचा मृत्यू खऱ्या लढ्याच्या दिवसांत सरकवला, असा अर्थ त्यांनी लावला.

आजींच्या मनात असंच काही होतं का, ते या एका वाक्यावरून ठरवता येत नाही. औपचारिकपणे कधी संपलाच नाही अशा संपाचं साल त्यांनी कुठून मोजावं, सुरू झाला तिथून की मेंबर परत येणार नाहीत हे कळलं तिथून? विचारलं असतं तर समजलं असतं. म्हणून वहीत नवं वाक्य आलं: ‘इंदिराबाई गेल्या तेव्हा तुमच्या खाणावळीत काय चाललं होतं?’ तारीख मनात टिपून ठेवायची, तोंडानं खोडायची नाही. सालं लावायची असतील तर घरातल्या घटनांच्या आधारानं लावावीत. थोरला शाळेत जायला लागला होता का, धाकटी झाली होती का, लाइटचं मीटर आलं होतं का. माणसाला साल आठवत नाही, पण पोराचं वय पक्कं आठवतं.

या वहीत मला एक गोष्ट मात्र पटली नाही. उत्साहाच्या भरात मुलीनं एका मुलाखतीनंतर जवळजवळ सगळी प्रश्नावली पुसून नवी लिहायला घेतली होती. मी तिला थांबवलं. एका माणसाला एखादा प्रश्न कळला नाही, तर दोष प्रश्नाचा असेल किंवा त्या दिवशी त्या माणसाचे गुडघे दुखत असतील. ज्या चुका रेकॉर्डिंगमध्ये ढळढळीत दिसतात, म्हणजे सुचवून विचारणं, दोन प्रश्न एकत्र करणं, मध्ये तोडणं, दुरुस्त करणं, त्या लगेच सुधाराव्यात. ‘सावकाराबद्दल आजी बोलल्या नाहीत’ यासारख्या गोष्टी दुसऱ्या चाचणीपर्यंत तशाच ठेवाव्यात. दुसऱ्या बाई कदाचित पहिला अर्धा तास सावकाराबद्दलच बोलतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचं हल्ली अनेकांच्या मनात असतं, संशोधन करायचं नसलं तरी. त्यांना एक सांगणं आहे. सगळ्यात मोलाच्या माणसापासून सुरुवात करू नका. आधी शेजारच्या काकांना, ओळखीच्या मावशींना बसवून अर्धा तास बोला, ते ऐका, आपला आवाज किती आहे ते मोजा. फसलेल्या चाचणीनंतर पुन्हा जाता येतं, ते समोरचं माणूस असेल तरच. १९८२ साली पंचविशीत असलेली खाणावळवाली आज सत्तरीला टेकली आहे, आणि तेव्हा जिची चाळिशी उलटली होती ती आज पंच्याऐंशीच्या आसपास आहे. चाचणी या महिन्यात उरकून घ्या.